दोन मार्कांची शिफारस

दौंडच्या दुचाकी शोरूममध्ये अफताबचं टेबल काचेच्या दाराला लागून होतं. टेबलावर संगणक, फोन आणि 'सीआरएम' असं लिहिलेली पितळी पाटी. दोन हजार सातच्या सुमारास शेठनी हे खातं नव्यानं उघडलं होतं. त्या तीन अक्षरांचा अर्थ शोरूममध्ये कुणालाच नीट सांगता येत नव्हता. झाडलोट करणाऱ्या मावशी त्याला 'शिअरम सायब' म्हणत. अफताबचं काम एवढंच, की गाडी घेतलेल्या माणसाला फोन करायचा, सर्व्हिसिंगची आठवण करून द्यायची आणि तो काय बोलला ते संगणकात भरायचं.

ही नोकरी त्याला पोपटमामांमुळं लागली होती. पोपटमामा भांडगावचे. शोरूमचे सगळ्यात जुने मेकॅनिक. अफताबचे वडील गेले तेव्हा मामांनी साहेबराव शेठपुढं शब्द टाकला होता, "पोरगं गुणाचं हाय, शिकलेलंबी हाय. ठेवून घ्या." शेठनी ठेवून घेतलं. तेव्हापासून मामा अफताबला भेटले की पाठीवर थाप मारून विचारायचे, "काय सीआरएम, आज कुणाकुणाचं डोकं खाल्लं?"

मामांकडं शोरूमची फिरती व्हॅन होती. ती तेच चालवायचे. ज्यांना दौंडला येणं जमत नाही अशा गावच्या गिऱ्हाइकांच्या दारात जाऊन गाड्यांची सर्व्हिसिंग करायची. केडगाव, भांडगाव आणि मधल्या वाड्यावस्त्या. एखाद्या पाराजवळ व्हॅन लावली, की तासाभरात गाड्यांची रांग लागे. मामा ऑइल बदलता बदलता घरची चौकशी करत, आणि जाताना त्यांच्या पिशवीत कुणी ना कुणी मेथीची जुडी टाके.

अफताबला पुढं जायचं होतं. शिरूरच्या एका संस्थेत रविवारी मार्केटिंगच्या पदविकेचे वर्ग भरत. सकाळच्या एसटीनं तो जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. तिथं कुदळे सर शिकवत. बुटके, उत्साही, खडूनं हात कायम पांढरे. परीक्षेत काय येतं आणि कशाला किती मार्क, हे त्यांना तोंडपाठ.

"ग्राहकाचं आजीवन मूल्य," सर फळ्यावर लिहीत म्हणाले. "म्हणजे एक गिऱ्हाईक आपल्याशी जोडलेलं आहे तोवर त्याच्यापासून आपल्याला निव्वळ किती मिळणार. विक्री नाही धरायची, नफा धरायचा. इथं निम्मा वर्ग मार्क घालवतो. वर्षाचा नफा घ्या, त्याला सांभाळायचा वर्षाचा खर्च वजा करा. मग तो किती वर्षं टिकेल ते काढा. शंभरातले ऐंशी दरवर्षी टिकतात, म्हणजे वीस सोडून जातात. एकाला शून्य पूर्णांक दोननं भागा. सरासरी पाच वर्षं. गुणाकार करा. शेवटी ते गिऱ्हाईक मिळवायला जो खर्च आला तो वजा करा. झालं!"

"सर, पुढच्या वर्षीच्या रुपयाची किंमत आजच्यापेक्षा कमी असते ना?" अफताबनं विचारलं.

"असते. पण प्रश्नात व्याजदर दिला असेल तरच ते धरायचं. एक लक्षात ठेवा रे, प्रश्नात दिलंय तेवढंच खरं. नाही दिलं ते शून्य. आपल्या मनाचं घातलं की मार्क गेले. आणि शेवटी शिफारस लिहा. ठाम लिहा. तिला दोन मार्क असतात. 'असंही करता येईल, तसंही करता येईल' असं लिहिणाऱ्याला मी भोपळा देतो."

त्या सत्रात अंतर्गत गुणांसाठी सरांनी नवीच टूम काढली. प्रत्येकानं आपल्या कामाच्या जागेवरून परीक्षेत येतो तसा एक प्रश्न तयार करायचा, सोडवायचा आणि खाली मालकाची सही आणायची, म्हणजे कुणी घरबसल्या आकडे पाडणार नाही.

अफताबला तर हे हातचंच होतं. त्यानं शोरूमची गिऱ्हाइकं दोन गटांत विभागली. शहरातली आणि व्हॅनवाली. शहरातल्या माणसापासून वर्षाला सहाशे नफा, फोन आणि पत्रांचा खर्च शंभर, दरवर्षी ऐंशी टक्के टिकतात, मिळवायला पाचशे खर्च. उत्तर आलं दोन हजार. व्हॅनवाल्यापासून नफा साडेतीनशे. पण डिझेल, व्हॅनची देखभाल आणि मामांचा पगार माणशी वाटला तर खर्च चारशे. म्हणजे दरसाल पन्नास रुपये उणे. ही माणसं टिकतात मात्र नव्वद टक्के, म्हणजे दहा वर्षं. पन्नास गुणिले दहा, पाचशे उणे. मिळवायचा खर्च तीनशे. एकूण आठशे उणे.

उत्तर पाहून त्याला गंमतच वाटली. जो जास्त निष्ठावान, तोच जास्त तोट्याचा! असा प्रश्न तर पुस्तकातही नव्हता. त्यानं त्या आनंदात खाली ठाम अक्षरात लिहिलं, 'शिफारस: फिरती व्हॅन सेवा बंद करावी.'

ते लिहिताना मामा त्याच्या डोळ्यांपुढं आलेच नाहीत. त्याच्यापुढं दोन मार्क होते.

सर खूश झाले. वीसपैकी एकोणीस दिले आणि वर्गात वाचून दाखवलं. राहिली फक्त शेठची सही. साहेबराव शेठ काही न वाचता सही ठोकणारे म्हणून प्रसिद्ध. पण त्या दिवशी वीज गेली होती, पंखा बंद, गिऱ्हाईक नाही. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं.

"हे तू काढलंस?"

"हो शेठ. परीक्षेसाठी आहे."

"आकडे आपलेच ना?"

"आपलेच."

"आन् मास्तरनं एकोणीस दिलेत." शेठनी सही केली, पण कागद परत दिला नाही. त्याची झेरॉक्स काढायला सांगितली. "बायको कवापासून म्हणतीय, ती व्हॅन खड्डा हाय. मला हिशोब जमत नव्हता. तू जमवलास."

अफताबनं कागद परत घ्यायला हात पुढं केला. "शेठ, तो नुसता प्रश्न आहे. पेपरात येतो तसा."

"मग उत्तर चुकलंय का?"

चुकलं नव्हतं. तीच तर अडचण होती.

महिनाअखेरीला व्हॅन बंद होणार, असं शेठनी जाहीर केलं. वर्कशॉपमध्ये आधीच पोरं जास्त होती, त्यामुळं मामांना तिथंही जागा नव्हती. अफताब रात्रभर तळमळला, आणि सकाळी त्याला एक गोष्ट सुचली. व्हॅनवाली माणसं दुसऱ्यांना धाडतात. भाऊ, साडू, शेजारी. 'पोपटमामाच्या शोरूमला जा' असं सांगून. एका व्हॅनवाल्यानं पाच वर्षांत एक नवी गाडी विकून दिली, आणि गाडीमागं दीड हजार नफा धरला, तर वर्षाला तीनशे झाले. उणे पन्नासाचे अधिक अडीचशे. दहा वर्षांचे अडीच हजार, वजा तीनशे. बावीसशे! शहरातल्यापेक्षा जास्त.

तो धावतच शेठकडं गेला. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पाच वर्षांत एक, हे कुणी सांगितलं?"

"अंदाज आहे."

"डिझेलच्या पावत्या माझ्याकडं हायेत. ह्याची पावती कुठाय? तुझ्या त्या संगणकात असंल की."

संगणकात नव्हती. नाव, गाव, गाडी नंबर, पुढची सर्व्हिसिंग, तक्रार. 'कुणी धाडलं' हे भरायला रकानाच नव्हता. तो रकाना असावा, असं कधी त्यालाही वाटलं नव्हतं.

रविवारी त्यानं कुदळे सरांना गाठलं. सरांचा चेहरा उतरला. "अरे, खरंय तुझं. गिऱ्हाइकानं गिऱ्हाईक आणणं हेही मूल्यच आहे. त्यावर पाच मार्कांची टीप येते."

"मग सर, शेठला तसं चार ओळी लिहून द्या. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील."

"काय लिहू? आकडा कुठून आणू? तुझ्या प्रश्नात तो नव्हता, म्हणून तर एकोणीस दिले." सर हातावरचा खडू झटकत राहिले. "माझ्याच सहीचे मार्क आहेत त्यावर, अफताब. आणि मी तिकडं येऊन दुकान थोडंच चालवणार?"

शेवटी तो भांडगावला मामांच्या घरी गेला. मामांच्या बायकोनं, सोजरबाईंनी, चहा ठेवला. तो कसाबसा म्हणाला, "मामा, तुमच्यामुळं कोण कोण गाडी घ्यायला आलं, आठवेल तेवढी नावं सांगा. मी शेठला दाखवतो."

मामा हसले. "आता कसं आठवायचं? कुणी लग्नात भेटलं, कुणी बाजारात. मी म्हणायचो, ये शोरूमला, मी हाय. ते मोजायचं असतं व्हय?"

"मामा, ते गणित मी—"

"ठावं हाय मला. शेठनी दावला कागद. अक्षर वळणदार हाय तुझं." एवढं बोलून त्यांनी चहाची बशी पुढं सरकवली. "पी. निवतोय."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं चहा प्यायला आणि तो निघून आला.

व्हॅन विकली गेली. मग शेठनी अफताबला काम लावलं. एकेका व्हॅनवाल्या गिऱ्हाइकाला फोन करून सांगायचं. गिऱ्हाईक तोडायचं तरी गोडीनं तोडायचं. काय बोलायचं ते छापूनच दिलं होतं. 'आपल्या परिसरातील फिरती सेवा बंद करण्यात येत आहे. कृपया दौंड येथील कार्यशाळेस भेट द्यावी.'

केडगावच्या अनसाबाईंनी फोन उचलला. गाडी मुलाची, पण व्हॅनशी व्यवहार त्यांचाच. "मंजी पोपट येणार न्हाई? आरं, भाच्याला गाडी घ्यायचीय. मी त्याला सांगितलंय, पोपटाकडनंच घे म्हणून. आता त्याला कुठं धाडू?"

"दौंडला धाडा मावशी. मी आहे इथं."

"तुला कोण वळखतंय, बाबा?" त्यांनी फोन ठेवला.

पडद्यावर तीनच पर्याय होते. तक्रार, चौकशी, इतर. अफताबनं 'इतर' दाबलं.

दुपारपर्यंत केडगाव संपलं आणि भांडगाव लागलं. एक नंबर संपला की संगणक आपोआप पुढचं नाव दाखवायचा, आणि फोन झाल्याची नोंद केल्याशिवाय पुढं सरकायचा नाही. तीन-चार नावांनंतर पडदा थांबला. शोरूमचीच गाडी, पगारातून हप्ते कापून घेतलेली. गट: व्हॅन. नाव: पोपट.

त्यानं शेठच्या केबिनच्या काचेतून आत पाहिलं. शेठ त्याच्याकडंच बघत होते. फोन न करता 'झाला' असं दाबावं, असं मनात आलं. पण प्रत्येक फोन रेकॉर्ड होत होता. त्यानं नंबर फिरवला.

"बोला," पलीकडून मामांचा आवाज आला.

"मामा..." अफताब एवढंच म्हणाला.

"कोण, सीआरएम? शेठ बसलेत का म्होरं?"

"हो."

"मंग वाच की. थांबू नगंस, नोकरी हाय तुझी."

अफताबनं कागद जवळ ओढला आणि पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली. मामा मधे मधे "व्हय" म्हणत होते, एखाद्या परक्या गिऱ्हाइकानं म्हणावं तसं.