शून्य, शून्य, शून्य

आमच्या रेकॉर्डिस्टला सगळे ‘थांबा’ म्हणत. स्टुडिओत माईकसमोर बसलेल्या माणसाला तो दर वाक्याआड हाच शब्द ऐकवायचा. कुठे पंखा घरघरला, कुणाचं पोट बोललं, कुणी खुर्ची हलवली की काचेपलीकडून हात वर व्हायचा. “थांबा.” त्याचं लग्नही याच शब्दावर राहून गेलं, असं त्याच्या ताई म्हणायच्या. मुली चांगल्या सांगून येत होत्या, पण हा प्रत्येक वेळी अजून जरा ऐकून बघू म्हणायचा.

नवीन हार्ड डिस्कच्या बाबतीत तर तो सासूच्याही वरचढ होता. दुकानातून आणलेली डिस्क लगेच कामाला लावणं त्याला अनोळखी माणसाच्या हाती तिजोरीची किल्ली देण्यासारखं वाटे. त्याला कारण होतं. एकदा कोरी डिस्क पहिल्याच आठवड्यात गेली आणि अख्खं श्राव्य पुस्तक घेऊन गेली. “डिस्क एक तर बाळपणी मरते, नाहीतर म्हातारपणी,” तो सांगायचा. “बाळपण आपल्यासमोर काढून घ्यायचं, मग विश्वास टाकायचा.”

या वेळी डिस्क हवी होती ती भावोजींच्या आवाजासाठी.

भावोजी म्हणजे ताईंचे यजमान. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. घशातल्या गाठीमुळे त्यांचं स्वरयंत्र काढायचं ठरलं, तेव्हा थांबाने त्यांना स्टुडिओत बसवून त्यांच्याकडून शेकडो वाक्यं वाचून घेतली. त्या वाक्यांवरून संगणकावर त्यांचाच आवाज तयार होणार होता. भावोजींनी टाइप करायचं आणि यंत्राने त्यांच्या आवाजात बोलायचं. ऑपरेशन झालं. भावोजी वाचले, आवाज गेला. तेव्हापासून ते गळ्यात पाटी अडकवून हिंडत आणि शाळेतल्यासारख्या वळणदार अक्षरात ताईंशी भांडत.

त्यावरून आवाज तयार करणं अजून बाकी होतं, आणि रेकॉर्डिंग फक्त दोन डिस्कवर होतं. त्यातली एक अचानक गेली. उरली ती तिची जुळी बहीण: एकाच दिवशी घेतलेली, तितकीच म्हातारी, त्याच यंत्रात वर्षानुवर्षं अखंड फिरणारी. थांबाने त्याच दिवशी नवीन डिस्क आणली, त्या चालू यंत्राच्याच बाहेरून उघडणाऱ्या रिकाम्या कप्प्यात सरकवली आणि तिची परीक्षा सुरू केली.

ताई डबा घेऊन आल्या तेव्हा पडद्यावर आकडे सरकत होते.

“ते आवाजाचं काम झालं का रे?”

“थांब, ताई. तपासतोय.”

“नवी कोरी तर आहे. तपासायचं काय त्यात?”

त्याने मग समजावून सांगितलं. प्रत्येक डिस्क स्वतःच्या आजारपणाची नोंद स्वतःच ठेवते. ती आधी वाचायची. नवी म्हणून विकलेली डिस्क किती तास चालली आहे, हे तिथे कळतं. खराब निघालेल्या किती जागांच्या बदल्यात राखीव जागा वापरल्या, किती जागा संशयित आहेत, किती वाचताच आल्या नाहीत, हे तीन आकडे शून्य हवेत. मग डिस्कला स्वतःची छोटी आणि मोठी तपासणी करायला लावायची. मग खरा घाम काढायचा: एक-शून्य, एक-शून्य असं शेवटच्या टोकापर्यंत लिहायचं आणि लिहिलेलं परत वाचून बघायचं. मग तेच उलटं. मग सगळे एक. मग सगळी शून्यं. त्यानंतर पुन्हा मोठी तपासणी, आणि शेवटी नोंद परत वाचून पहिल्या नोंदीशी ताडून बघायची.

“इथे तर ‘पास’ लिहिलंय की,” ताईंनी बोट ठेवलं.

“ते काय, डिस्क मरेपर्यंत पासच म्हणते. खालचे आकडे बघायचे.”

“अगदी तुझ्या भावोजींसारखं. कसे आहात विचारलं की अंगठा वर.” ताईंनी पडद्यावरचं बोट काढलं. “मी म्हणते, आवाज आधी उतरवून घे ना तिच्यावर. मग काय ती परीक्षा घे.”

“या परीक्षेत डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. आधी उतरवलं तर परीक्षाच घेता येणार नाही.”

“मग दोन डिस्क आण.”

“मग दुसरीही तपासावी लागेल.”

ताईंनी डबा उघडून त्याच्यासमोर ठेवला आणि जेवल्याशिवाय मी हलत नाही म्हणून सांगितलं. जुन्या डिस्कची नोंद वाचायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. तिने ही परीक्षा केव्हाच दिली होती. घरच्या माणसाला कोण तब्येत विचारतं?

तिसरा फेरा चालू असताना थांबाने नोंदीत आणखी एक आकडा पाहिला. डिस्क आणि संगणक यांच्यात ये-जा करताना चुकलेल्या माहितीचा तो आकडा वाढत होता. अननुभवी माणसाने डिस्क परत केली असती. थांबाला माहीत होतं की हा दोष बहुतेक वेळा वायरीचा असतो. त्याला मनापासून आनंद झाला. इतक्या काळजीचं चीज झालं होतं. आता वायर बदलायची आणि परीक्षा पहिल्यापासून सुरू करायची.

यंत्र बंद केल्याशिवाय आतल्या वायरीला हात लावायचा नाही, हा त्याचा नियम. त्याने यंत्र बंद केलं.

वर्षानुवर्षं फिरणारी म्हातारी डिस्क एकदा थांबली की पुन्हा उठेलच असं नाही, हे तोच आम्हाला सांगायचा. म्हणूनच तर ते यंत्र तो कधी बंद करत नसे. पण त्या क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे फक्त नवी वायर होती.

नवीन डिस्क छान उठली. जुनी टक टक करत राहिली आणि गप्प झाली. थांबाने कान लावला. आयुष्यभर तो शांततेत आवाज शोधत आला होता. आता सापडला नाही.

डिस्क दुरुस्त करणाऱ्याने ती उघडून पाहिली. वाचणारी टोकं पृष्ठभागावर घासली होती आणि आवाज जिथे होता तिथे भुकटी होती. “बंद करण्याआधी कशावरही उतरवून घ्यायचं होतं, साहेब,” तो म्हणाला. “पेन ड्राइव्ह चालला असता. ती शेवटचीच प्रत होती ना? ती उतरवायला कसली परीक्षा?”

थांबाने मान डोलावली. त्याला हे ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर त्यानेच हे सांगितलं असतं.

आणि परीक्षा? ती त्याने पूर्ण केली. का, हे आम्ही विचारलं नाही. नवी वायर लावल्यावर तो वाढता आकडा जागच्या जागी थांबला. चारही फेरे निर्दोष गेले. शेवटचा फेरा शून्यांचा: पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं लिहिली, आणि डिस्कने एकही न चुकता परत वाचून दाखवली. वापरलेल्या राखीव जागा शून्य, संशयित शून्य, वाचता न आलेल्या शून्य. इतकी चांगली डिस्क त्याच्या हाती कधी आली नव्हती.

त्या दुपारी ताई भावोजींना घेऊन आल्या. भावोजींनी स्वच्छ सदरा घातला होता, रेकॉर्डिंगच्या दिवशी घातला होता तोच. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. ताई म्हणाल्या होत्या, तूच सांग. ते माईकसमोरच्या त्याच खुर्चीत बसले, अंगठा वर केला, आणि पाटीवर लिहून ती काचेला टेकवली.

“झालं का?”

काचेपलीकडे थांबाचा हात सवयीने वर गेला. तोंड उघडलं. तो शब्द मात्र आला नाही. हात तसाच वर राहिला, आणि भावोजी समजुतीने मान हलवून, खुर्ची जराही न हलवता, वाट बघत बसले.