घरमालकाची परवानगी परत पाठवणारा भाडेकरू

आमचे हे, म्हणजे लहानू गजभिये, चौतीस वर्षं स्टील प्लांटमधी इलेक्ट्रिशियन होते. तिथं लेखी परमिट हातात आल्याशिवाय वायरले बोट लावाचं नाही. चांगली गोष्ट हाय, म्हणून तं माणूस दोन्ही हात घेऊन रिटायर झाला. पण घरीही तेच करावं का? प्लांटनं देल्लेल्या क्वार्टरमधी बल्ब बदलाचा असला का मेन स्विच बंद करत, त्यावर लाल पाटी टांगत, ‘काम चालू आहे’. मी सैपाकघरात अंधारात भाकर थापून राहिली असन तरी पाटी निघत नसे. एकडाव माझी भाकर जळली, मी भांडली, तं म्हणे लेखी तक्रार दे.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं अन् रिसालीत भाड्याच्या फ्लॅटमधी आलो, दुसऱ्या माळ्यावर. फ्लॅट नरेश रामटेकेचा. हा नरेश यायच्याच हाताखाली काम शिकला. अजून नोकरीत हाय, सेक्टर सहाच्या क्वार्टरमधी राह्यते, अन् यायले आजही उस्ताद म्हणते. पहिल्या वर्षी यायनं त्याचं एकेक परमिट सात-सात वेळा लिहाले लावलं होतं. हे मले त्यानंच हासत सांगतलं होतं.

आता माझं सांगते. सेक्टर सहाच्या विहारात दर रविवारी मी बायायले वाचाले-लिहाले शिकवते. सोळा बाया हायत, त्यातल्या चौघी साठीच्या वर. क्वार्टर होतं तवा पायी जात होती, रिसालीहून कशी जाऊ? गुडघ्यानं यायची सायकल सुटली. पोरीनं, संघमित्रानं, बापाले बॅटरीची स्कूटर घेऊन देल्ली. मले वाटलं सुटली बाप्पा कटकट. पण त्या गाडीची बॅटरी निघत नाही. गाडी जिथं उभी, तिथंच चार्ज कराची. अन् आमच्या वाट्याच्या पार्किंगमधी, सात नंबरात, साधा प्लगचा पॉइंटही नव्हता.

मंग काय, सेक्टर दोनमधी माही भाची दीक्षा राह्यते, खालच्या क्वार्टरात. दर शनिवारी आम्ही तिच्या घरी जाचो, खिडकीतून वायर काढाची अन् चार-चार घंटे बसाचं. तिची सासू चहा देऊन देऊन थकली. तिसऱ्या महिन्यात तिनं चहा बंद केला, चौथ्यात खिडकी. दीक्षा बिचारी फोनवर म्हणे, मावशी, आता दुसरीकडं पाहा. मले लाज वाटली, अन् मंग भेव वाटलं. दोन रविवार विहाराचा वर्ग बुडला.

यायनं नरेशले फोन लावला, पार्किंगमधी चार्जिंगचा पॉइंट लावू का म्हणून. तो म्हणे, लावून घ्या ना उस्ताद, मले विचारता कावून? झालं काम, असं मले वाटलं. पण यायचं तोंड उतरलं. तोंडी परवानगी म्हणजे परवानगी नाही म्हणे.

सोसायटीचे सेक्रेटरी माधवराव दशपुत्रे, दुर्गचे जुने रहिवासी, शांत माणूस. त्यायनं सरळ तीन गोष्टी मागतल्या. घरमालकाचं पत्र, कारण पार्किंग त्याच्या नावावर. लायसनवाल्या ठेकेदाराचा कागद. अन् यायचं लिहून देणं का वीज आपल्याच मीटरमधून घेऊ, सोसायटीच्या लायनीले हात लावणार नाही, अन् फ्लॅट सोडताना भिंत होती तशी करून देऊ. यात वाकडं काय हाय? पण आमच्या यायनं अकरा पानं नेऊन देल्ली. त्यात मीटरच्या खोलीपासून पार्किंगच्या खांबापर्यंत केबलचा नकाशा, कुलुपाची पेटी, शॉक लागला तं आपोआप बंद होणारं स्विच, अर्थिंग. अन् धोक्याचे तेवीस प्रकार. सतरावा धोका होता, कुत्र्यानं पेटीवर पाय वर करणे. उपाय लिहिला होता, पेटी चार फुटावर बसवणे, त्या उंचीचं कुत्रं सोसायटीत नाही.

कमिटीची मीटिंग पार्किंगमधीच झाली. एकानं विचारलं, आग लागली तं? यायनं समजावलं, या गाडीले इस्त्रीयेवढी वीजही लागत नाही, घरच्या मंजूर लोडात सहज बसते. आग लागते ती लांब-लांब एक्स्टेंशन अन् ढिल्या पिनानं. सगळ्यायनं मान हालवली. माधवरावानं तिथंच सही केली अन् खाली लिहिलं, मालकाचं पत्र आलं का काम सुरू. मी त्याच रात्री सोळाही बायायले फोन केले, येत्या रविवारी वर्ग हाय म्हणून.

अन् इथंच घोडं अडलं. नरेशनं पत्र पाठवलं, चार ओळी, सही. यायनं चष्मा लावला, लाल पेन काढला अन् घरमालकाचं पत्र तपासलं! पार्किंग नंबर नाही, तारीख नाही. परत पाठवलं. नरेशनं दुसरं पाठवलं, त्यात कामाचा तपशील अपुरा निघाला. तिसऱ्यात मुदत नव्हती, तवर तो रविवारही बुडला होता. परमिटले कुठून कुठवर हे लागतेच म्हणे. अहो, परवानगी मागणारा माणूस परवानगी नापास करते, असं कोणी पाह्यलं हाय का? सुंभ जळते पण पीळ जात नाही.

चौथ्या डावाले नरेशची बायको मृणाल फोनवर आली. म्हणे वहिनी, आमचे हे ड्युटीवरून येऊन रात्री पत्र लिहीत बसतात, दादाले पॉइंट पाह्यजे का नाही ते एकदा सांगा. अन् फोन ठेवला. त्याच्यानंतर चार दिवस नरेशनं फोनच उचलला नाही.

मंग मी बोलली. मी म्हटलं, तुमच्या मुदतीपायी माह्या बाया अंगठ्यावर राह्यतीन. त्यातली एक परवा बँकेत सही कराची म्हणून ‘ज’ गिरवून राहिली, तिले काय सांगू, कागदात कॉलम कमी पडला? हे ताटावरून उठले अन् गॅलरीत जाऊन उभे राह्यले. मले वाईट वाटलं, पण मी बोलावलं नाही.

शनिवारी सकाळी नरेश स्वतः आला, ड्युटीच्या कपड्यातच. चप्पल काढली, जय भीम केला, यायच्यासमोर कोरा कागद ठेवला अन् म्हणे, “सांगा उस्ताद, मी लिहितो.”

यायनं एकेक शब्द सांगतला. नाव, फ्लॅट, पार्किंग सात, केबल, पेटी, खर्च कोणाचा. नरेश शाळेतल्या पोरासारखा लिहीत होता. शेवटी मुदत आली. नरेशनं पेन थांबवला.

“किती तारखेपर्यंत लिहू?”

भाडेकरार अकरा महिन्याचा, त्यातले आठ सरलेले. चौतीस वर्षं ज्या क्वार्टरले घर म्हणलं, त्याची किल्ली एका दुपारी काउंटरवर ठेवून आलेला माणूस. पुढची तारीख यायले कुठून ठाऊक असन? पहिल्यांदा यायच्याजवळ कॉलम होता अन् भराले काही नव्हतं.

नरेशनं वाट पाह्यली. मंग खाली मान घालून त्यानंच लिहिलं अन् कागद फिरवला. ‘उस्तादांची इथं राहायची इच्छा असेपर्यंत.’

“असं परमिट प्लांटमधी चालत नाही,” हे म्हणाले.

“प्लांट नाही उस्ताद, तुमचं घर हाय.”

यायनं कागद दोनदा वाचला. एकही चूक काढली नाही. फक्त म्हणे, दुसरी प्रत पाह्यजे, फाइलसाठी. नरेश मुकाट्यानं दुसरी प्रत लिहू लागला. मी उठून सैपाकघरात गेली अन् चहा ठेवला, कारण मले रडू येऊन राह्यलं होतं, अन् या दोघायसमोर रडाची लेखी परवानगी कोण मागत बसन?