बायडाबाईंचा हुंकारा

माझ्या सासूबाई, बायडाबाई कासारीण, बांगड्या भरायला बसल्या की बांगडी सहसा वाढत नसे. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. कसबा पेठेतल्या बायका म्हणत, बायडाबाईंच्या बोटांतच जादू आहे. मला ते पटेना. मी टक लावून त्यांची बोटं बघत असे. माझ्यासारखीच होती, उलट जरा जाडच.

सर्जेराव शिलेदारांच्या साळूला हळदीच्या दिवशी हिरवा चुडा भरायचा होता. सासूबाई तिच्या काकूंकडे गुंतल्या होत्या, म्हणून नवरीचा हात माझ्याकडे आला. नऊ वर्षांची पोर, मूठ गच्च आवळलेली. माझ्या हातून दोन बांगड्या वाढल्या. नवरीच्या हातात बांगडी वाढणं म्हणजे अपशकुन. साळूच्या आजीनं शांतपणे सुनावलं, अजून एक वाढली तर दुसरी कासारीण बोलावू. हा बोल आमच्या घराला कायमचा चिकटला असता.

सासूबाई गिऱ्हाइकाला बोलतं करतात, मान हलवतात, त्यांचाच शब्द परत म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं. मीही तेच सुरू केलं. साळू म्हणाली, आमची कपिला गाय कालपासून पाणी पीत नाही. बांगडीवरची नजर न काढता मी म्हटलं, "कपिला." ती म्हणाली, ती माझ्याच हातून पिते. मी म्हटलं, "पिते." साळूनं मी खुळी असल्यासारखं माझ्याकडे बघितलं आणि मूठ आणखी आवळली.

सासूबाई उठून आल्या. आधी त्यांनी बांगडी घेतलीच नाही. नुसता हात धरला आणि तिच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "तुझ्याच हातून?"

मग त्यांनी तिचा हात तसाच धरून ठेवला. साळू अडखळत म्हणाली, "मी गेल्यावर तिला कोण पाजणार?"

"कोण पाजणार," सासूबाई म्हणाल्या. मान हळूच हलली.

मग पोर बोलतच सुटली. सासूबाईंनी समजूत घातली नाही, मध्ये तोंड घातलं नाही, फक्त योग्य त्या जागी हुंकारा देत राहिल्या. साळूची बोटं एकेक सैल झाली, तशी सासूबाई एकेक बांगडी सरकवत गेल्या. मी पाहिलं तेव्हा अर्धा चुडा मनगटात गेला होता. आजी उंबऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "मी पाजीन गं. आज तू मला शिकव."

घरी येताना मी विचारलं, कोणता शब्द उचलायचा हे कळतं कसं?

"बोलताना जिथं आवाज अडखळतो, तो. पण आधी ऐकू यायला हवा."

मी म्हटलं, मला ऐकू आलाच नाही, मी आज फार घाबरले होते.

"घाबरली होतीस?" त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या.

माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. मी माहेरापासून बोलायला सुरुवात केली, आणि आमचं दार मागे पडलं तरी आम्ही दोघी चालतच होतो.