वहिनीच्या नावावर अडलेले बारा हजार

संशय हा माझा जुना आजार. मेथीची जुडी सोडून बघितल्याशिवाय मी पैसे देत नाही, आणि घरच्यांना याची लाज वाटते.

आई इस्लामपूरला दादाकडे राहते, दादा साखर कारखान्यात आहे. तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा अर्धा खर्च माझा, असं ठरलं होतं. ऑपरेशन शुक्रवारी, सांगलीला. बुधवारी दादाचा मेसेज आला, 'हितंच चॅटमधी पाठव.' मी साताऱ्यात बसून त्याचं चॅट उघडलं, पैसे पाठवायचं बटण दाबलं, बारा हजार घातले. पिन टाकण्याआधी समोरच्याचं बँकेतलं नाव दिसतं. माझ्या फोनात तो नुसता 'दादा', पण बँकेनं दाखवलं वहिनीचं नाव.

मनात पाल चुकचुकली. नंबर दादाचा आणि पैसे हिच्या खात्यात? आईच्या बांगड्या मोडल्या, तेव्हाही हिशेब मला कुणी सांगितला नव्हता. मी पिन न टाकताच बाहेर पडले आणि 'सर्व्हर डाऊन आहे' असं कळवून टाकलं. सर्व्हर अगदी धडधाकट होता.

शनिवारी राहवेना. दादाला फोन लावला आणि सरळच विचारलं, "तुझ्या नंबरवर वहिनीचं खातं कसं?"

"अगं, माझा पगार पतसंस्थेत. ते खातं ह्यात जोडता येत न्हाई. हिचं बँकेत खातं काढलं तवा हिच्याकडं फोन न्हवता, माझाच नंबर दिला. ॲपला त्या नंबरवर त्येवढंच खातं घावलं."

"आणि ऑपरेशन?"

"झालं की काल. तुझं अडकलं म्हणून हिनं शिवणकामाचं साठवल्यालं भरलं. आई लय खूश हाय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. फोन ठेवला आणि लगेच पिन टाकला. माझ्या बँकेतून पैसे गेल्याचा मेसेज आला, चॅटमध्ये बारा हजारांचा चौकोन उमटला, खाली 'पूर्ण'. पैसे ॲपमध्ये थांबत नाहीत, थेट तिच्या खात्यात गेले. फिटलं एकदाचं, असं वाटून मी चहा टाकला.

चहा उकळतोय तोच फोन वाजला. त्याच चॅटमध्ये तसाच चौकोन, बारा हजारांचा, पण या वेळी तिकडून आलेला. खाली वहिनीनं लिहिलं होतं, 'वन्सं, नाव बघून थांबलासा, कळलं मला. आईंचं झालंय. तुमचं तुमाला.'

मी ते पैसे नको म्हणायचं बटण शोधत राहिले. पाठवायला पिन लागतो, येणाऱ्या पैशाला कुणी काही विचारत नाही. तोवर बँकेचा मेसेजही आला, जमा झाले म्हणून.