छत्तीस डबे

वऱ्हाड त्या काळी कागदावर हैदराबादचे होते आणि कारभार नागपूरहून चाले. आमच्या कंपनीचेही तसेच होते. कंपनी मुंबईची, डेपो अमरावतीला, आणि माल खपे तो अकोल्याला. मी डेपोत कारकून होतो. वनस्पती तुपाचे डबे रेल्वेने येत, एजंटांकडे जात, आणि त्यांची बीजके मी लिहीत असे. बीजक पांढऱ्या कागदावर, क्रेडिट नोट गुलाबी कागदावर. ‘आपल्या खाती इतके रुपये जमा केले आहेत’ एवढेच तिच्यावर लिहिलेले असे. नवा एजंट ती घेऊन खजिनदारासमोर उभा राहिला, की त्याला समजावून सांगावे लागे की ही हुंडी नव्हे. हिच्यावर पैसे मिळत नाहीत, पुढच्या बिलातून तेवढे कमी होतात.

यांतली सर्वांत मोठी नोट जानेवारीत निघे. कंपनीची योजना अशी होती: जानेवारी ते डिसेंबर या वर्षात एजंटाने दोन हजार डबे घेतले, तर पहिल्या डब्यापासून प्रत्येक डब्यामागे आठ आणे रिबेट. दोन हजारांच्या आत राहिला, तर तीन आणे. एक हजार नऊशे नव्व्याण्णव डब्यांवर थांबलेला माणूस आणि दोन हजारावर पोचलेला माणूस, यांच्यात सव्वासहाशे रुपयांचे अंतर पडे. कंपनीला याला ‘उत्तेजन’ म्हणायला आवडे.

अकोल्याच्या एजंटाला सगळे भाऊ म्हणत, मीही म्हणे. आधी ते संत्र्यांच्या बागा घेत. नंतर धाकट्या भावाबरोबर भागी करून त्यांनी ही एजन्सी घेतली. कंपनीकडे हजार रुपये अनामत ठेवली होती. समोर दुसऱ्या कंपनीचा माल स्वस्त विकला जाई, म्हणून भाऊंनी वर्षभर मूर्तिजापूर-बाळापूरच्या दुकानदारांना डबा खरेदीच्याच भावात दिला. त्यांची कमाई म्हणजे वर्षअखेरचे आठ आणे, दुसरी काही नाही. हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितले होते.

“बाबूजी, सालभर मी तुमच्या कंपनीचा हमाल आहो. मजुरी एकदाच, ते बी सालाच्या शेवटी.”

त्यांच्या मुनीमजींची वही दिवाळीला बंद होई, आमची डिसेंबरला. दिवाळीपर्यंत सतराशेच्या वर डबे झाले होते. उरलेले दोन महिन्यांत होणारच, असा हिशेब करून मुनीमजींनी हजार रुपये कंपनीच्या नावे टाकले आणि रिबेटखाती जमा केले. रिबेट अजून आलेला नव्हता, ठरलेलाही नव्हता. पण नव्या वहीच्या पूजेला तोटा दाखवायचा म्हणजे अपशकुन. नफा दिसला. नफा दिसताच धाकट्या भावाने भागी मोडली, आपला निम्मा हिस्सा रोख घेतला आणि कापडाचे दुकान काढले. जे आमच्या वहीत अजून जन्मलेच नव्हते, त्याची अकोल्यात वाटणीही झाली.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईचा साहेब अकोल्याला आला. ‘वऱ्हाडातील अग्रगण्य एजंट’ म्हणून भाऊंचा सत्कार ठरला होता. एका जिनिंग फॅक्टरीच्या आवारात मांडव घातला. साहेब इंग्रजीत पाऊण तास बोलला. आमच्या मॅनेजरांनी त्याचे मराठी दहा मिनिटांत केले, आणि तेच जास्त झाले. वनस्पती तुपाने देशाचे बळ कसे वाढते, हे ऐकताना पुढच्या रांगेतले गवळी एकमेकांकडे बघत होते. भाऊंना फेटा बांधला, कप दिला. कप चांदीचा नव्हता, चांदीचा मुलामा होता. मीच त्याचे बिल मंजुरीला पाठवले होते.

कार्यक्रम संपल्यावर भाऊ फेट्यासकट माझ्याकडे आले. मी मांडवाच्या कडेला फाइल घेऊन बसलो होतो.

“बाबूजी, एक पक्कं सांगा. दोन हजार झाले ना?”

“झाले असतील की.”

“असतील नाई. पाहून सांगा. कमी असतीन तर आत्ताच पन्नास डब्याची ऑर्डर देतो. गोदामात जागा आहे. मुनीमजी म्हन्ते दोन हजार चौदा झाले, पन त्याची नजर आता कमजोर होऊन राहिली.”

मी बीजकांची फाइल उघडली, बेरीज केली. दोन हजार चौदा.

“झाले, भाऊ. तुमच्या मुनीमजींची नजर शाबूत आहे.”

“मंग उगाच पैसा कावून अडकवू?” असे म्हणून ते हसत फोटो काढायला गेले.

मी पाहिली होती ती फक्त बीजकांची फाइल. क्रेडिट नोटांची फाइल अमरावतीला कपाटात होती.

मे महिन्यात अकोल्याच्या सायडिंगवर एक वॅगन चार दिवस उन्हात उभी राहिली होती. आतले तूप पातळ होऊन डब्यांचे सांधे उकलले. कंपनीचा इन्स्पेक्टर आला. छत्तीस डबे त्याने भोके पाडून नाल्यात ओतायला लावले, आणि त्यांची लेबले कापून डेपोत आणली. त्या छत्तीस डब्यांची पूर्ण किंमत परत देणारी क्रेडिट नोट मी स्वतः लिहिली होती. मुनीमजींनी तिचे रुपये बरोबर टिपले. पण डबे मोजताना त्यांनी बीजकेच मोजली. त्यांचे म्हणणे, डबे आले होते. गोदामात उतरले होते. नाल्यात गेले तो भाग वेगळा. मी मोजली तीही बीजकेच. फरक इतकाच, की त्यांना नियम माहीत नव्हता आणि मला होता. ज्या मालाची किंमत परत दिली, तो विकलाच नाही असे कंपनी धरते.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रिबेटाचा तक्ता करायला बसलो, तेव्हा गुलाबी फाइल समोर होती. दोन हजार चौदातून छत्तीस गेले. एक हजार नऊशे अठ्ठ्याहत्तर. बावीस डबे कमी. मी ती वजाबाकी तीनदा केली. ती इतकी सोपी होती की चुकायला जागा नव्हती.

त्याच दिवशीच्या टपालाने भाऊंचे पत्र आले. डिसेंबरच्या बिलातून एक हजार सात रुपये रिबेट वळता करून त्यांनी बाकीचे पैसे भरले होते. नोट हातात येण्याआधी रिबेट कापून घ्यायचा नाही, हा करारातला नियम होता. पण सगळे एजंट कापत, आणि आम्ही डोळेझाक करत होतो, कारण आकडा जुळत असे.

मी मॅनेजरांकडे गेलो आणि सगळे सांगितले. मांडवात मीच ‘झाले’ म्हटले, हेही सांगितले.

“तुम्ही बोललात,” ते म्हणाले, “कंपनी बोलली नाही.”

“बावीस डब्यांचा प्रश्न आहे, साहेब. मी सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी घेतले असते.”

“घेतले नाहीत ना? मग आपण विकले नाहीत.”

तरी मुंबईला पत्र टाकायची परवानगी त्यांनी दिली. आठ दिवसांनी चार ओळींचे उत्तर आले: रिबेट विक्रीवर असतो, नष्ट केलेल्या मालावर नव्हे. यात खोटे काय होते? मी पुष्कळ शोधले. काही सापडले नाही.

मी नोट लिहिली. एक हजार नऊशे अठ्ठ्याहत्तर डबे, दर तीन आणे, एकूण तीनशे सत्तर रुपये चौदा आणे. आमच्या वहीत रिबेटखाते नावे, भाऊंचे खाते जमा. त्यांनी कापलेले हजार सात आम्ही मानलेच नव्हते, म्हणून त्यांच्या पानावर सहाशे छत्तीस रुपये दोन आणे येणे उरले. ‘थकबाकी’ असा शिक्का मारून पत्र गेले: पंधरा दिवसांत भरणा न झाल्यास एजन्सी रद्द समजावी. मॅनेजरांना घाई होती. तिप्पट अनामत द्यायला एक सरकी-ढेपेचा व्यापारी तयार बसला होता.

भाऊंकडे रोख नव्हती. दुकानदारांकडे उधारी, आणि उरलेले भावाच्या कापडात. पंधरा दिवस गेले. फेब्रुवारीत हिशेब बंद करायला ते अमरावतीला आले. अनामतीतून थकबाकी कापून तीनशे त्रेसष्ट रुपये चौदा आणे मी त्यांच्यापुढे ठेवले. पावतीवर त्यांनी सही केली. सही करताना खालची बेरीज वाचली नाही.

“मुनीमजीनं नव्या वहीत तोटा टाकला,” ते म्हणाले. “जुनी वही त खोलता येत नाई. पूजा होऊन गेली तिची.”

“आणि धाकटे भाऊ?”

“त्याच्यासाठीच आलो. त्याले म्हटलं, बाबू, जो पैसा आलाच नाई त्याचा हिस्सा तू घेऊन गेला. अर्धा तोटा तुहा. तीनशे अठरा रुपये एक आना वापस दे. तर म्हन्ते, कंपनीनं पुरा रिबेट देला, तूच दाबला. फेटा बांधला, कप देला, आन् म्हन्ते रिबेट नाई देला? मले तिथं बोलाले तोंडच नाई राह्यलं.”

“क्रेडिट नोट दाखवा त्यांना.”

“दाखोली. म्हन्ते, हे त गुलाबी कागद. असे कागद कोनीबी लिहून देते.” मग ते खुर्ची ओढून जवळ आले. “तुमी एक चिठ्ठी द्या, बाबूजी. लंबीचवडी नाई. की मांडवात मी विचारलं, तुमी फाइल पाहून झाले म्हटलं, आन् मंग कमी निघाले. बस. तुमच्या हातचं त्याले पटीन. त्यानंच मले तिथं तुमच्याशी बोलतानी पाह्यलं होतं, तो होता ना मांडवात.”

पलीकडच्या टेबलावर मॅनेजर टपाल पाहत होते. ते ऐकत होते की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. माझ्यापुढे कागद होते, पांढरेही आणि गुलाबीही. चिठ्ठी लिहायला चार ओळी पुरल्या असत्या. तिच्यावर भाऊंना वकील मिळाला असता, आणि ती कंपनीविरुद्ध पहिला पुरावा ठरली असती. मग त्या महिन्याचा पगार माझा शेवटचा ठरला असता. माझ्या घरी त्या महिन्यात बाळंतपण होते. हे मी त्यांना सांगितले नाही. ते कारण खरे होते. पण कारण खरे असल्याने काही बदलत नव्हते.

“भाऊ, मला तसं लिहून देता येत नाही,” मी म्हणालो.

“खोटं थोडीच आहे?”

“खोटं नाही.”

शिपायाने चहा आणला होता, त्यांनी घेतला नाही. पैसे रुमालात बांधून ते उठले.

“बडनेऱ्याहून चार वाजताची गाडी आहे ना?” त्यांनी विचारले.

“साडेचारची,” मी म्हणालो. मागच्या महिन्यात वेळ बदलली होती, आणि ते मी नीट पाहून ठेवले होते.