सरांच्या मार्गदर्शनाखाली

कृष्णात सकाळपासून चार वेळा पाणी प्यायला उठला होता. पाचव्यांदा उठला तेव्हा मी म्हटलं, "भाऊ, कूलरमध्ये पाणी उरू द्या की." तो हसला नाही. हा माणूस माझ्या फालतू विनोदांवरही हसतो, म्हणून मी कागद बाजूला ठेवले आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

तुर्भ्याला औषधं आणि लसी साठवणारं आमचं गोडाऊन आहे. मी क्वालिटीला, तो डिस्पॅचला, शेजारी शेजारी टेबलं. अकरा वर्षांत त्याच्या हातून चुकीच्या गाडीत एक खोका गेलेला मला आठवत नाही. साताऱ्याकडचा माणूस, जुईनगरला राहतो. बोलणं कमी, आणि स्वतःबद्दल तर बोलतच नाही. हा गुण आहे असं सगळे म्हणतात. मला त्याचा राग येतो.

"ताई, जरा बघता?" त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म होता. चार मुद्दे, प्रत्येकी पाचपैकी गुण. एका रकान्यात आपण स्वतःला दिलेले, दुसऱ्यात मॅनेजरने दिलेले, खाली त्याचा शेरा. डिस्पॅचमधली अचूकता चार. सहकाऱ्यांशी वागणं चार. अहवाल वेळेवर, तीन. आणि शेवटचा मुद्दा, स्वतःहून पुढाकार: दोन. त्याच्याखाली इंग्रजीत एकच वाक्य. 'फक्त मार्गदर्शनाखाली काम करतात. स्वतंत्रपणे निर्णय घेताना दिसत नाहीत.'

खांदेश्वरजवळ आमचं नवीन गोडाऊन उघडणार होतं. इन्चार्जच्या जागेसाठी अट एकच होती: फॉर्ममध्ये कुठल्याही मुद्द्याला तीनच्या खाली गुण नकोत. ती जागा कृष्णातला हवी होती. त्याने कधी सांगितलं नव्हतं, पण नव्या गोडाऊनचा नकाशा त्याच्या ड्रॉवरमध्ये घडी घालून ठेवलेला मी पाहिला होता. उत्तर द्यायची मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत. नंतर फॉर्म हेड ऑफिसला जाणार होता.

"मी लिवलंय उत्तर," तो म्हणाला.

वाचलं. 'अकरा वर्षे गाढवासारखी मेहनत केली. हेच फळ असेल तर राजीनामा घ्या.'

"छान," मी म्हटलं. "आता हे पुसा."

"का पण? खोटं हाय का?"

"खोटं नाही. पण यात केतन सरांनी उत्तर द्यावं असं काहीच नाही. ते म्हणतील, चिडलेत, आणि विषय संपवतील."

तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला, खुर्ची ओढली, बसला नाही. मलाही बसवेना. आमचे मॅनेजर केतन सर बत्तीस वर्षांचे, हुशार, पण माणूस वाचायचा सोडून कागद वाचतात. हे मी तोंडावर सांगितलं असतं, पण फॉर्म माझा नव्हता.

"एकेक घेऊ," मी म्हटलं. "अहवाल वेळेवर, तीन. शेरा काय, तीनदा उशीर. खरं का?"

"खरं हाय. ऑगस्ट, नोव्हेंबर, जानेवारी."

"मग ते मान्य करायचं. पहिल्या ओळीत. आता हे दोन. नुसत्या आकड्याशी भांडून उपयोग नाही. हा शेरा कशावरून लिहिला, ते शोधायचं. तुम्ही स्वतः काय लिहिलं होतं?"

त्याने स्वतःचा रकाना उघडला आणि मी कपाळावर हात मारला. चारही मुद्द्यांना स्वतःच तीन गुण. आणि प्रत्येक कामाच्या शेवटी तेच शेपूट: अंडर द गायडन्स ऑफ केतन सर. गाड्यांचं वेळापत्रक बदललं, सरांच्या मार्गदर्शनाखाली. नवीन माणसांना शिकवलं, सरांच्या मार्गदर्शनाखाली. आणि जुलैतल्या रविवारी शीतगृह बंद पडलं, चारशे खोके लस वाचवली, तीही सरांच्याच मार्गदर्शनाखाली!

"अहो, त्या रविवारी सर कुठे होते?"

"रजेवर."

"मग मार्गदर्शन कुणी केलं? देवानं?"

"ताई, तसं लिवायची पद्धत असती. लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा थोरल्यांचं नाव आधी घालतो. आपलंच नाव पुढं कसं करायचं?"

सरांनी तेच वाक्य उचललं होतं. कृष्णातने मान म्हणून लिहिलं, सरांनी वस्तुस्थिती म्हणून वाचलं. मला हसू आलं, लगेच वाईटही वाटलं, कारण तो खरंच गोंधळला होता.

जुने मेल शोधले. जुलैतला तो रविवार सापडला. अकरा चाळीसला कृष्णातने कळवलं होतं: कॉम्प्रेसर बंद, तापमान सात अंशांवर, लस दोन ते आठच्या आतच राहायला हवी, माल दुसऱ्या शीतगृहात आणि एका थंड गाडीत हलवतो आहे. एका मिनिटात सरांकडून आपोआप आलेलं उत्तर होतं: मी रजेवर आहे, सोमवारी परतेन. तापमानाच्या नोंदवहीत दर पंधरा मिनिटांनी कृष्णातची सही होती.

"आता लिहा. काय झालं, कधी झालं, कुणी ठरवलं. आणि शेवटी मागणी."

त्याने लिहिलं, 'माल हलवण्याचा निर्णय घेण्यात आला.'

"कुणी घेतला?"

"कळतं की ते."

"नाही कळत! याच्यावरूनच तर दोन मिळालेत."

बोटं कीबोर्डवर ठेवून तो बसून राहिला. मानेवर घाम होता. चार वाजून गेले होते. एवढा मोठा ट्रक उलटा घेताना न घाबरणारा माणूस एका 'मी'ला घाबरत होता, आणि मला त्याला धरून हलवावंसं वाटत होतं. शेवटी त्याने लिहिलं.

'आदरणीय सर, अहवालांबाबतचा शेरा मला मान्य आहे. यापुढे ते दर महिन्याच्या तीन तारखेपर्यंत देईन. पुढाकाराच्या मुद्द्याबाबत विनंती आहे. फॉर्ममध्ये मी आपल्या मार्गदर्शनाचा उल्लेख आदराने केला. त्यातून गैरसमज झाला असावा. शीतगृह बंद पडले त्या रविवारी आपण रजेवर होता. माल हलवण्याचा निर्णय मी घेतला. मेल आणि नोंदवही सोबत जोडली आहे. हे पाहून या गुणांचा फेरविचार व्हावा आणि भेटीसाठी दहा मिनिटे मिळावीत.'

फॉर्मवर दोन बटणं होती, 'मान्य' आणि 'चर्चा हवी'. त्याने दुसरं दाबलं आणि लगेच पाणी प्यायला गेला.

साडेपाचला सरांनी बोलावलं. "ताई, चला तुमीबी," म्हणून कृष्णातने मला ओढून नेलं. मी दाराशीच थांबले.

सरांच्या समोर तो मेल उघडा होता. "मला वाटलं, तुम्ही हेड ऑफिसला फोन करून विचारलं असेल," ते म्हणाले. "तुम्हीच लिहिलं होतं ना, मार्गदर्शनाखाली." मग त्यांनी स्वतःचा फॉर्म उघडला. "कृष्णात, एक प्रॉब्लेम आहे. माझ्या फॉर्ममध्ये मी लिहिलंय की त्या दिवशी टीमला मी गाईड केलं. तुमचं वाचूनच लिहिलं. त्याचे मला पाच मिळालेत."

मला वाटलं, संपलं. आता कृष्णात म्हणेल, राहू द्या सर. त्याचे ओठ तसे हललेही.

"तुमच्या फॉर्मचं काय हुईल सर?" त्याने विचारलं.

"ते मी निस्तरतो. हेड ऑफिसला खरं कळवतो." सरांनी कीबोर्ड ओढला, दोनचे चार केले, शेरा पुसला. नवीन लिहिला आणि वाचून दाखवला. 'त्या दिवशी मी रजेवर होतो. निर्णय यांचा होता.' मग मान वर केली. "खांदेश्वरसाठी तुमचं नाव पाठवू? की तिकडे जायचं नाहीये?"

अकरा वर्षं असल्या प्रश्नांना कृष्णातचं एकच उत्तर ऐकत आले होते: तुमी म्हणाल तसं, सर. मी दाराची कड घट्ट धरली.

"पाठवा," तो म्हणाला. आवाज फाटला, म्हणून त्याने घसा साफ केला आणि पुन्हा म्हणाला, "मला पायजे ते गोडाऊन, सर. मला पायजे."