पद्माक्काला आलेले जोडलेले हात

आमच्या निपाणीच्या गल्लीत साडीला फॉल-पिको करणारी पद्मावती आक्का म्हणजे पद्माक्का. ती बोलायला लागली की मशीनच चालल्यासारखं वाटतं: टकटकटक, मग दोरा तुटल्यासारखी अचानक गप्प. गिऱ्हाइकाला "उद्या या" ती असं म्हणते, की माणूस परवा येतो. मी तिची नक्कल करते तेव्हा ती स्वतःच दाद देते.

त्या दिवशी क्षमावणी होती, आम्हा जैनांचा एकमेकांची क्षमा मागायचा दिवस. दसलक्षण पर्व संपलेलं, सकाळपासून आक्काच्या फोनवर "उत्तम क्षमा" लिहिलेले फोटो पडत होते आणि शेजारची मी तिच्या वतीनं सगळ्यांना तेच दोन शब्द परत पाठवत होते. ऊन कलल्यावर एक स्टिकर आला. नुसते जोडलेले हात. एक अक्षर नाही. वर नाव: आण्णा, सदलगा.

आण्णासाहेब हे तिचे थोरले भाऊ. चार वर्षं बोलणं बंद. त्यांच्या मुलाच्या, अभिनंदनच्या लग्नात भर पंगतीत, व्याह्यांच्या देखत आक्का म्हणाली होती, आई गेली तेव्हा तुम्ही सगळ्यात शेवटी आलासा. आण्णांनी घसा खाकरून सांगितलं होतं, तुझं घर निपाणीत हाय, तिकडंच बस. तेव्हापासून ती माहेरी, सदलग्याला, गेली नव्हती.

आणि मी गधडीनं स्टिकर उघडून ठेवला होता. म्हणजे तिकडं दोन निळ्या खुणा दिसल्याच. आता गप्प राहणं हेसुद्धा उत्तरच झालं असतं.

आक्कानं मशीन थांबवली. "मला पाठवलंय का सगळ्यास्नी?"

शोध लावायला मी आक्काच्या चिकोडीच्या धाकट्या बहिणीला, राजश्री मावशीला फोन लावला. तिचं ते नाकातलं "हॅलोऽ" ऐकून एरवी मी हसले असते. तिलाही तेच हात आले होते. आण्णांच्या दूधसंघातल्या माणसांनाही.

"बघ," आक्का म्हणाली. "गठ्ठ्यानं वाटलंय."

मी तिला समजावलं की असं एका वेळी पाचजणांच्या पलीकडं पुढं ढकलता येत नाही, प्रत्येक नावावर बोट ठेवावं लागतं. चार वर्षांत न उघडलेलं तिचं नाव यादीत पार तळाला गेलेलं असणार. तिथवर ते गेले. तिनं हातातल्या साडीची दोनदा उलटी घडी केली.

मग म्हणाली, तेच परत धाड. मी आण्णांच्या स्टिकरवर बोट ठेवलं, तो साठवला, परत पाठवला. लगेच निळं झालं. नावाखाली "टायपिंग" दिसलं. थांबलं. पुन्हा दिसलं. मग "ऑनलाइन"ही गेलं.

सहा वाजून गेले. आण्णा दिवस मावळायच्या आत जेवतात आणि जेवून उठले की फोन कपाटात ठेवतात, सकाळपर्यंत. हे आक्काला ठाऊक होतं. तिचं स्वतःचं जेवणही मावळायच्या आतच, पण कुकरकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

"चुकलं," ती हळूच म्हणाली. "त्यांनी भांडं धाडलं आणि आमी तेच रिकामं परत दिलं. कोण देतंय का रिकामं?"

शेजारून डबा आला तर चिमूटभर साखर तरी घालूनच तो परत जातो, हे मलाही माहीत आहे. मी मंदिरातल्या लाउडस्पीकरवरच्या आवाजात सुरू केलं, "कळत नकळत, मनानं, वचनानं, कायेनं..." आक्कानं हात वर केला.

"ह्ये सगळ्यास्नी चालतंय. त्येंला न्हाय. मी जे बोलले त्येचं नाव घिऊन लिही."

मी त्यांचा स्टिकर बोटानं उजवीकडं ओढला, म्हणजे उत्तर त्यालाच चिकटून जावं. ती सांगत गेली, मी एक शब्दही न सुधारता लिहिलं:

"आण्णा, अभिनंदनच्या लग्नात पंगतीत आईवरनं तुमाला टोचून बोलले. ते माझं चुकलं. उत्तम क्षमा. जेवलासा का?"

शेवटचा प्रश्न मी काढायला निघाले होते. माफीत जेवण कशाला? "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "नायतर ते काय म्हणून बोलतील?"

पाठवलं. दोन खुणा, करड्याच. पाच मिनिटं. दहा. समोरच्या भिंतीवरचं ऊन पत्र्यापर्यंत चढलं आणि सुटलं. आक्का मशीनच्या चाकावर तळहात ठेवून बसली होती. चाक फिरत नव्हतं. मी पुनःपुन्हा पडद्याला बोट लावत होते, तो विझू नये म्हणून.

खुणा निळ्या झाल्या. टायपिंग. बराच वेळ टायपिंग. मग आलं:

"आत्ताच जेवलो. माझंबी चुकलं पद्मा. तू जेवलीस?"

आक्कानं फोन माझ्या हातातून काढून घेतला. बाहेर दिवस मावळला होता. आता उद्या सकाळपर्यंत तिच्या तोंडात काही जाणार नव्हतं. कुकर तसाच झाकलेला. तिनं एका बोटानं अक्षर शोधशोधून लिहिलं, "व्हय", आणि पाठवून दिलं.